कडा संपल्यावरची उडी

परभणीत आमच्या लहानपणी बसस्टँडमागं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, रुपयाला एक कॉइन, आणि ज्या मशीनला आम्ही सगळे 'मुस्तफा' म्हणायचो तिथं तर उभं राहायला जागा नसायची. मेलो की डायलॉग ठरलेला, "बटन दाबलं होतं बे, मशीननं घेतलंच नाही." घरी माळेगावच्या जत्रेतून आणलेला ब्रिक गेम होता, वर 9999 गेम लिहिलेलं, आत तेच ते फिरवून फिरवून. पण त्यात बहाणा चालायचा नाही. आडवे 10, उभे 20 चौकोन, बटन दाबलं की चौकोन सरकला, संपला विषय.

सध्या 'सेलेस्ट' खेळायलोय, 2018 ची पिक्सेलवाली गेम, एक पोरगी डोंगर चढते. उडी, डॅश आणि भिंत धरणं, बास. हाताला इतकी नेमकी लागते की मी सगळ्यांना सांगत सुटलो, ही बघा, जुन्यासारखी कडक गेम.

दिवाळीत भाचा शेजारी बसला आणि म्हणला, "मामा, तू कडेच्या बाहेर गेल्यावर उडी मारायलास, तरी ती उडायलीय."

मी म्हणलं काहीतरीच, पण मग मुद्दाम उशिरा दाबून बघितलं, आणि खरंच की! बनवणाऱ्यांनी त्या पोरीच्या हालचालीचा कोडच उघडा ठेवलाय, त्यात कडा सुटल्यावर 0.1 सेकंदाची सूट लिहिलीय. पळायचा वेग सेकंदाला 90 पिक्सेल, म्हणजे 9 पिक्सेल हवेत जाऊनसुद्धा उडी मिळते, आणि जमिनीची एक फरशी असते 8 पिक्सेलची. एक अख्खी फरशी फुकट! याला कोयोटी टाइम म्हणतात. जमिनीवर टेकायच्या जरा आधी बटन दाबलं तर तेही गेम लक्षात ठेवते, आणि डोकं वरच्या कोपऱ्याला आपटलं तर 4 पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवून देते, आपल्याला कळतसुद्धा नाही. म्हणजे जिला मी कडक म्हणत होतो ती खरं तर आजीसारखी आहे, सगळं पोटात घालते.

तेवढ्यावर माज आला आणि लॅपटॉप हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडला, तर ज्या उड्या सहज जमायच्या तिथंच धडाधड मरायलो. लॅपटॉपच्या स्क्रीनवर तीच जागा परत खेळलो तर जमली, म्हणजे बोटं ठीक होती. टीव्ही चित्र चकचकीत करत बसतो आणि ते उशिरा दाखवतो, कडा डोळ्याला दिसेपर्यंत ती पोरगी पुढं गेलेली असते, आणि ती 0.1 सेकंदाची सूट टीव्हीच खाऊन टाकतो. सेटिंगमध्ये गेम मोड केला तेव्हा कुठं हात परत आला.

काल पुन्हा काट्यांवर पडलो. सवयीनं तोंडातून निघालंच, "बटन दाबलं होतं बे."

भाच्यानं मान वर न करताच सांगितलं, "मामा, गेम मोड चालू आहे."