तुम्ही विचारलंत म्हणून: आया-मदतनिसांना हृदय कशाला?

"सिस्टर, या मुलींना चादर बदलायची, पेशंट फिरवायचा. त्यांना हृदय कसं चालतं ते कशाला शिकवता? 'धाप लागली की उठवून बसवा' एवढं सांगा, झालं!"

झालं असतं तर मीही तेवढंच सांगून घरी गेले असते. चहा तरी गरम मिळाला असता.

माझ्याकडच्या निम्म्या मुली तासगाव-कवठेमहांकाळकडच्या, द्राक्षबागेत वाढलेल्या. झडप म्हणजे काय हे त्यांना मी शिकवायची गरज नसते. विहिरीतला फुटव्हॉल गळका असला की पाइपातलं पाणी मागे उतरतं आणि मोटर नुसती गरगरते, हे त्यांनी मला ऐकवलेलं आहे. पंपाचा फुगा मला सापडला 2019 च्या पुरात. आमच्या गल्लीत आलेल्या बचावाच्या बोटीला, तेलाच्या नळीत मधोमध लिंबाएवढा रबरी फुगा होता आणि त्यावर बाण. दोन्ही टोकांना एकाच दिशेला उघडणारी झडप. दाबला की तेल बाणाकडे जातं, सोडला की मागून भरतो. पूर ओसरल्यावर तसला एक नवा विकत आणला. माझ्या हाताच्या एका दाबाला 40 मिलि पाणी टाकतो; दहा दाब मोजपात्रात घेतले की 400. मग सांगायचं, तुमचं हृदय आरामात असताना एका ठोक्याला साधारण 70 टाकतं, म्हणजे मिनिटाला पाचेक लिटर. पंधरा लिटरची बादली तीन मिनिटांत. इथे वर्ग गप्प होतो.

आकृतीच्या कागदावर मी चारच कप्पे काढते. पुस्तकात अलिंद-निलय असतं, आमच्याकडे 'वरची खोली, खालची खोली'. कागदाच्या डाव्या अंगाला मात्र ठळक लिहिते: 'पेशंटची उजवी बाजू'. हे लिहिलं नाही तर दर बॅचला तीच गल्लत. पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरून आकृती काढतात, हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं. निळ्या पेन्सिलीखाली 'रक्त निळं नसतं, गडद लाल असतं' अशीही एक ओळ आहे.

सुरुवातीला माझ्याकडे फुगा एकच होता. एका फुग्यानं झडप कळते, ठोका कळतो, नाडी का लागते तेही कळतं. मला तेवढं पुरेसं वाटायचं. कागदाच्या तळाशी मी एक सूचनाही लिहिली होती: 'पंप आणि पाणी एका पातळीत आणा, पंप लवकर भरतो.' बादली वर उचलली की फुगा झटकन फुगतो हे दाखवायला. त्यावरून सांगायचे, की चक्कर येऊन पडलेल्याला आडवं करून पाय वर का धरतात.

रात्रपाळी होती. साठीतले एक आजोबा, दोन उशांना टेकून बसलेले, धाप लागलेली. ड्युटीवरची सिस्टर शेजारच्या वॉर्डात गेलेली. माझीच एक विद्यार्थिनी एकटी होती, जेमतेम वीस वर्षांची. तिनं पाहिलं, माणूस दमलाय, घाम फुटलाय, हात गार. तिच्या डोक्यात माझा फुगा आला. पंपाला पाणी मिळत नाहीये! तिनं दोन्ही उशा काढल्या, पलंगाचं डोकं खाली केलं आणि पायाखाली उशा घातल्या.

काही मिनिटांत घशातून घुरघुर यायला लागली. आजोबा तिचा हात धरून उठायला बघत होते आणि ती म्हणत होती, "आजोबा, पडून राहा, बरं वाटेल." तोंडाशी गुलाबी फेस आला तेव्हा ती ओरडत पळाली. सिस्टरनं येऊन त्यांना ताठ बसवलं, पाय पलंगाखाली सोडले, ऑक्सिजन लावला. डॉक्टर आले, लघवीचं इंजेक्शन दिलं, आयसीयूत हलवलं. आजोबा वाचले. हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारा त्यातच अडकतो.

सकाळी तिला विचारलं, हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, "मॅडमनी." आणि मी, सगळ्यांसमोर, म्हणाले, "मी असं कधीच शिकवलेलं नाही."

शब्दशः खरं होतं ते. धाप लागलेल्याला आडवं करा असं मी कधी म्हटलं नव्हतं. पण तिच्या पिशवीत माझा कागद होता आणि त्यावर माझ्या अक्षरात ती ओळ. महिनाभरात तिनं काम सोडलं.

आता तुमचं म्हणणं, म्हणूनच तर नियम सांगा! मग ऐका. नियम तिच्याकडे होता, 'दमलेल्याला, गार पडलेल्याला आडवं करा'. माणूस दोन्हीकडे तसाच दिसतो, घामेजलेला, फिकट. एकाचा पंप कोरडा पडलेला असतो, दुसऱ्याच्या छातीत पाणी तुंबलेलं असतं. चुकला तो माझा एक फुगा, कारण त्यात फुप्फुसच नव्हतं.

आता दोन फुगे आहेत. बादली, उजवा फुगा, मग लघवीची पिशवी म्हणजे फुप्फुस, मग डावा फुगा, आणि परत बादली. पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा छापलेल्याच असतात, म्हणून ती. ती बादलीच्या पातळीलाच ठेवावी लागते. खाली लोंबली तर फुगे न दाबताच पाणी वाहतं आणि वर्ग हसतो. दोन मुली दोन फुगे एका तालात दाबतात. पिशवी जागच्या जागी. मग डावीकडच्या मुलीला सांगते, अर्धाच दाब. दहा दाबांत उजवीकडून 400 आले, डावीकडून 200 गेले, पिशवीत 200 वाढले. नंतर बादली स्टुलावर ठेवायची, म्हणजे पेशंटला आडवं केलं, पायातलं-पोटातलं रक्त छातीकडे आलं. उजवा फुगा टम्म भरतो, पिशवी आणखी तट्ट. ही आजोबांची रात्र. मी तसं म्हणत नाही, पण पिशवी फुगताना माझी नजर तिच्यावरून हलत नाही.

खऱ्या शरीरात फरक इतका मोठा लागत नाही. उजव्यानं 70 टाकले, डाव्यानं 69, तर मिनिटाला 70 ठोके धरून फुप्फुसात 70 मिलि शिल्लक. शरीर ते बरंच सावरून घेतं, जास्त भरलेलं हृदय जास्त जोरानं दाबतं. माझं रबर ते करत नाही. शिवाय रबर पाणी ओढून घेतं. हृदय मुख्यतः मागून येणाऱ्या रक्तानं भरतं. हेही मी आता सांगते. आधी सांगत नव्हते, कारण गोंधळ होईल असं वाटायचं.

एवढं केल्यावर मुली विचारायला लागल्या: आजोबा रात्री किती उशा घेतात? कालच्यापेक्षा एक जास्त का? घोट्यावर बोट दाबलं की खड्डा राहतो का? वजन दोन दिवसांत वाढलं का? ठरवायचं काम सिस्टरचंच. पण सिस्टरला हाक मारण्याआधी काय बघायचं ते त्यांना कळतं. आणि धाप असेल तर उशी काढत नाहीत.

तरीही तुमचा प्रश्न मला झोपू देत नाही, हे कबूल करते. तिला मी काहीच शिकवलं नसतं, नुसतं 'बसवा' म्हटलं असतं, तर त्या रात्री तिनं बसवलं असतं. याला माझ्याकडे उत्तर नाही. पुढच्याच आठवड्यात कुणी अतिसारानं कोरडा पडलेला आला असता आणि तिनं त्यालाही बसवलं असतं, असं मी स्वतःला सांगते. ते खरंच घडलं असतं की नाही, कोण जाणे.

कागद मी नव्यानं लिहिला. जुनी ओळ काढली नाही, त्यावर आडवी रेघ मारून तशीच झेरॉक्स करते. मुली विचारतात, मॅडम, हे खोडलंय का? मी म्हणते, आधी डावा फुगा दाब, मग सांगते.