रेघेखाली गेलेली सही

तुम्ही विचारलंत: "नाटकाची पटकथा करताना कुठला संवाद ठेवायचा आणि कुठला काढून दाखवायचा, हे ठरवायचं कसं?"

त्या वाक्याला नाटकात कुठलं काम दिलं होतं ते आधी शोधायचं. रंगमंचावरची माणसं बऱ्याच गोष्टी बोलून सांगतात, कारण त्या प्रेक्षकाला दिसणं शक्य नसतं. का शक्य नसतं, याचं कारण मात्र दर वेळी वेगळं असतं, आणि पटकथेतला उपाय त्या कारणावर ठरतो. एकच प्रवेश घेऊन हे सांगते.

समजा, दिवाणखान्यात घडणारा एक प्रवेश आहे. म्हातारी आई, तिच्यासोबत राहणारी मुलगी आणि घर विकायचे कागद घेऊन आलेला थोरला मुलगा. आईची नजर जात चालली आहे आणि ती ते लपवते आहे. नाटकात मुलगी भावाला सांगते: "दादा, आईला आता दिसत नाही. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवते. जिना उतरताना पायऱ्या मोजते. काल तिन्हीसांजा होऊन गेल्या तरी दिवा न लावता बसली होती." दादाला हे पटत नाही. मग आई येते, कागदावर सही करते आणि दादा ओरडतो, "आई, सही रेघेखाली गेली!" त्यानंतर आईचं स्वगताच्या अंगानं जाणारं पंचवीस-तीस ओळींचं भाषण.

मुलीच्या बोलण्यात तीन खुणा आहेत. कपावरचं बोट शेवटच्या रांगेतून दिसणार नाही, म्हणून ते बोलावं लागलं. जिना विंगेत आहे, म्हणजे जागा वेगळी. तिन्हीसांज कालची, म्हणजे वेळ वेगळी. मूळ संहिता वाचताना अशा प्रत्येक वाक्याच्या समासात मी 'लहान', 'दुसरीकडे' किंवा 'आधी' असं लिहून ठेवते. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचे सगळे निर्णय यावरच होतात.

लहान गोष्टीसाठी क्लोजअप आहे. फक्त तो दादाला काही कळायच्या आधी यायला हवा, तोही कुणी न बोलता. पाहुण्याला चहा देणारी आई काठावर बोट ठेवते, एवढंच. पहिल्यांदा प्रेक्षक त्याचा अर्थ लावणार नाही, आणि लावूही नये. नंतर दुसऱ्या कुठल्या प्रसंगात तेच बोट पुन्हा दिसलं की त्याचा त्याला उलगडा होतो.

जिन्याच्या बाबतीत सहसा चूक होते. पहिल्या खर्ड्यात लिहिलं जातं: 'आई पायऱ्या मोजत जिना उतरते.' जागा मिळाली, पण घडलं काहीच नाही. मुलीच्या वाक्याचं ते नुसतं चित्र झालं. आता दादानं आल्या आल्या आपली सुटकेस सातव्या पायरीवर ठेवून दिली, असं करून पाहा. आई पुटपुटत उतरते, "पाच, सहा..." आणि पाय अडखळतो. दादा खालून पाहतो. जी बातमी बहीण देणार होती ती त्याला स्वतःच्या सामानामुळे कळली, आणि या घराची घडी त्यानं मोडली हेही न बोलता आलं.

कालची तिन्हीसांज फ्लॅशबॅकमध्ये नेण्याचा मोह आवरावा. ती आजच्या दिवसात आणता येते. दादा अंधाऱ्या खोलीत शिरतो, चाचपडत बटण शोधतो. दिवा लागतो तेव्हा आई तिथंच बसून कपड्यांच्या घड्या घालत असते. अंधारात तो अडखळला, ती नाही.

आता मुलीचं सगळं भाषण गळून पडेल असं वाटतं, पण इथं थांबायलाच हवं. ते भाषण बातमी देत होतं, आणि सोबत आणखी एक काम करत होतं. आईला दिलेला शब्द मुलगी मोडत होती. दुसऱ्या अंकात आई मुलीशी बोलणं टाकते ते त्यामुळेच. पूर्ण भाषण काढलं तर पुढचा रुसवा निराधार होतो, आणि चूक चाळीस पानांनंतर जाणवते तेव्हा तिचं मूळ सापडत नाही. म्हणून बातमी काढायची, कृती ठेवायची. दादा विचारतो, "कधीपासून?" मुलगी बराच वेळ गप्प राहते. मग म्हणते, "मी सांगितलं म्हणू नकोस." दोन वाक्यांत शब्द मोडला गेला.

सहीचं तर दादाचं ओरडणंच जायला हवं. नाटकात तो प्रेक्षकाचे डोळे होता. पडद्यावर पेनाचं टोक रेघेखाली घसरताना आपणच पाहतो. मग दादानं करायचं काय? तो गप्प राहून आपलं बोट रेघेखाली आधाराला ठेवतो. त्याला कळलंय आणि तरी सही हवी आहे. ते बोट आईला लागतं, म्हणजे याला कळलंय हे तिलाही कळतं. मला हा प्रवेशाचा खरा कणा वाटतो, आणि मूळ संहितेत तो नव्हता.

यानंतर आईचं भाषण. त्यातलं एक वाक्य कुठल्याही चित्रानं सांगता येणार नाही: "इथल्या पायऱ्या मला पाठ आहेत रे, दुसऱ्या घरात मी आंधळी होईन." ही विनवणी आहे आणि ती न घडलेल्या उद्याबद्दल आहे. विनवणी, धमकी, वचन, खोटं बोलणं ही बोलून केलेली कामं आहेत, ती ठेवायची. बाकीच्या भाषणात तोच मुद्दा तीनदा येतो, कारण नाट्यगृहात एखादं वाक्य हुकलं तरी पुढचं पोचावं लागतं. ते सहा-सात ओळींवर आणता येतं. ऐकणाऱ्याचा चेहरा कधी दिसावा, तेही पटकथेत लिहा. अर्ध्या भाषणात कॅमेरा मुलीवर असला तर प्रवेश तिचा होतो.

याच भाषणात आई म्हणते, "हे घर त्यांनी माझ्यासाठी बांधलं." इथं तरुण नवरा-बायको आणि विटा दाखवल्या की मोठं नुकसान होतं. आईचं म्हणणं खरं की तिची समजूत, हे नाटकानं उघडं ठेवलं होतं. बोललेल्या गोष्टीवर प्रेक्षक शंका घेतो, पण पाहिलेली गोष्ट तो सहसा खरी धरतो.

खर्डा झाला की संवाद झाकून फक्त कृतीच्या ओळी वाचा. आईची नजर जातेय हे तेवढ्यावरून कळलं पाहिजे. कळत असेल तर संवाद उघडून तीच गोष्ट पुन्हा सांगणारी वाक्यं खोडा. पहिल्या खर्ड्यात ती हमखास उरलेली असतात. 'तिचं मन भरून येतं' अशी ओळ सापडली तर ती कॅमेऱ्याला टिपता येणार नाही. त्या जागी हातांना काहीतरी काम द्या.

लांबीचा अंदाज पानांवरून काढू नका. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशेब ठरावीक इंग्रजी टंक आणि मांडणी धरून आहे. देवनागरीत तो टंकागणिक बदलतो. शिवाय 'आई चहा ओतते' ही एक ओळ पडद्यावर वीस सेकंद घेऊ शकते. स्टॉपवॉच लावून संवाद मोठ्यानं वाचा आणि शांत कृती स्वतः करून वेळ मोजा. जिना, अंधारी खोली आणि सही आता तीन वेगळी दृश्यं झाली आहेत. शब्द निम्म्याहून कमी झाले तरी ती मिळून मूळ प्रवेशापेक्षा लांब भरू शकतात. तसं झालं तर मी आधी अंधारी खोली सोडेन. ती सुंदर आहे, पण दादाला जे कळायचं ते जिन्यावरच कळून गेलेलं असतं.