आदल्या रात्रीचा मेसेज

‘उद्यापासून नवं ऑफिस. शहरात कुणी ओळखीचं नाही. पोटात गोळा आलाय.’ मैत्रिणीचा असा मेसेज आला की आपली बोटं आपोआप ‘काळजी करू नकोस, सगळं छान होईल’ लिहायला लागतात. तिथेच थांबावं. काळजी सांगून थांबत नसते. शिवाय सगळं छान होईल हे आपलं भाकीत. पहिला दिवस वाईट गेला, तर तेही तिला आपल्यापासून लपवावं लागतं.

‘तू हुशारच आहेस’ हेही फारसं पोचत नाही. घाबरलेल्या माणसाकडे स्वतःविरुद्धचे पुरावे तयार असतात, त्यांच्यापुढे विशेषण टिकत नाही. प्रसंग टिकतो, कारण तो तिलाही आठवत असतो. म्हणून आधी एक प्रसंग शोधावा, आणि त्यात ती घाबरलेली असायलाच हवी. न घाबरता जिंकलेली बक्षिसं इथे कुचकामी.

समजा, असं लिहिलं:

‘बाई गं, आठव. ऐन कार्यक्रमात निवेदिका आली नाही आणि तू माइक घेतलास. पहिली दहा मिनिटं तुझ्या हातातला कागद थरथरत होता. मग सभागृह तुझं झालं. उद्याही कागद थरथरेल, थरथरू दे. उद्या फक्त शेजारच्या दोघांची नावं लक्षात ठेव. विसरलीस तर सरळ पुन्हा विचार, पहिल्या आठवड्यात सगळं माफ असतं. रविवारी अकराला मी फोन करतेय. आता उत्तर नको देऊस, झोप.’

यातला थरथरता कागद खोडू नये. तो काढला की उरते नुसती स्तुती. ठेवला की भीती आणि जमणं एकाच वेळी असू शकतं हे तिला दिसतं. काम दोन नावांचंच, कारण सूचना पाच झाल्या की मेसेजची यादी होते आणि यादीने धडधड वाढते. ‘केव्हाही फोन कर’ यात मोठेपणा आपला, पण संकोच मोडायचं काम तिचं. म्हणून वार आणि वेळ आपणच ठरवायची. रविवार अशासाठी, की आठवडाभर ऑफिस माणसाला गुंतवून ठेवतं. नव्या शहराचं परकेपण पहिल्या सुट्टीच्या दुपारी अंगावर येतं.

मेसेज रात्री नऊच्या आत जावा. सकाळी ती चप्पल आणि ओळखपत्र शोधत असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘कसा गेला दिवस?’ विचारू नये. दमलेल्या जिवाला तो अहवाल वाटतो आणि उत्तर येतं, ‘ठीक.’ त्यापेक्षा विचारावं, ‘तुझ्या टेबलावरून खिडकी दिसते का?’ याचं उत्तर हो-नाहीत देता येतं. बोलायचं असेल तर ती खिडकीवरून सुरू करते आणि साहेबांपर्यंत पोचते. नुसतंच ‘नाही’ आलं, तर एक वेडावणारा चेहरा पाठवावा आणि रविवारची वाट पाहावी.