आमची वाटचाल : आठ नंबरचा जोड

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत आमचं दुकान वडिलांनी टाकलं. बरीच वर्षं माल येत गेला, विकला गेला. 2019 मध्ये कोल्हापुरीला जीआय मानांकन मिळालं, त्याच्या मागेपुढे आम्ही तीन ऑनलाइन पोर्टलांवर चढलो. सांगण्यासारखं जे काही आहे ते त्यानंतरच्या एका दिवाळीतलं.

तीन पोर्टल आणि दुकान मिळून साठा एकच, म्हणून आम्ही एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. विकणारा म्हणाला, 'रिअल टाइम आहे.' प्रत्यक्षात ते दर पंधरा मिनिटांनी ऑर्डरी ओढायचं आणि मग तोच एक आकडा तिन्हीकडे पाठवायचं. आकडा 7 असेल तर तिन्हीकडे 7 दिसणार. म्हणजे त्या पंधरा मिनिटांत 21 जोड विकले जाऊ शकतात. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवाळीतल्या एका शनिवारी आठ नंबरच्या कापशी चपलेचे फळीवर पाच जोड होते. सॉफ्टवेअर मात्र सात दाखवत होतं. कॅश ऑन डिलिव्हरीचे दोन जोड ग्राहकांनी दारातूनच परत केले होते. पोर्टलवर 'परतीचा प्रवास सुरू' अशी नोंद पडताच सॉफ्टवेअरने ते साठ्यात धरले. जोड अजून कुरिअरच्या गाडीत होते! संध्याकाळी गर्दीत दुकानातून दोन जोड गेले. त्याची नोंद रीतीप्रमाणे वहीत झाली, संगणकात रात्री जायची होती. फळीवर राहिले तीन. तोवर ऑनलाइन पाच ऑर्डरी पडल्या होत्या. दोन रद्द कराव्या लागल्या.

हेच सहा, सात, नऊ नंबरातही घडलं. रद्द ऑर्डरींचं प्रमाण वाढलं आणि ऐन दिवाळीत एका पोर्टलने आमचं खातं थांबवलं. कारागिरांना उचल दिलेली, माल बांधून पडलेला. सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर एकच, 'सर, सिस्टीम बरोबर आहे, तुमचा स्टॉक चुकलाय.' शेजारचा दुकानदार तर गिऱ्हाइकांना सांगू लागला की यांच्याकडे फक्त फोटो असतात. तो अजून सांगतो.

तेव्हा अण्णा उभे राहिले. अण्णा म्हणजे वडिलांच्या वेळचे भागीदार. जोड हातात घेतला की कापशी कुठल्या घरची ते सांगतात. ते म्हणाले, 'पाच आहेत म्हणून पाच लिहायचे नाहीत. कुठून आले, कुठे गेले ते लिहायचं.' आमची आजची पद्धत म्हणजे तेवढंच. आकडा कुणी खोडून बदलत नाही, फक्त आवक-जावक पडते. प्रत्येक जोड चारपैकी एका ठिकाणी असतो : फळी, राखीव, वाटेत किंवा तपासणी. ऑर्डर आली की तो राखीव. परतीचा माल 'वाटेत'. दुकानात पोचला की 'तपासणी'त, आणि तळ, अंगठा, वादी बघून, दोन्ही पाय एकाच नंबराचे आहेत ना हे पाहूनच फळीवर.

ऑनलाइन दाखवायचा आकडा म्हणजे फक्त फळीवरचे जोड, राखीव त्यात नाहीत, आणि त्यातूनही एक जोड दुकानासाठी मागे. दिवाळीत दोन मागे. त्या शनिवारी ही पद्धत असती तर दुकानातल्या दोन विक्री तिथेच स्कॅन होऊन फळीवर तीन दिसले असते आणि पोर्टलांवर एकच गेला असता. एका जोडावर तीन पोर्टलांत एकदम ऑर्डर पडण्याचा धोका तरीही उरतोच. मागे ठेवलेले दोन त्यासाठीही.

नवीन लोकांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. आधी सगळ्या ऑर्डरी ओढा, मगच आकडा पाठवा. एखादी ऑर्डर ओढायची राहिली असताना तुम्ही पाच पाठवलेत, तर पोर्टल ते पाच नव्याने विकायला मोकळे समजतं. गेलेला जोड पुन्हा विकला जातो. दुसरं, एका पोर्टलवर आठ नंबर आणि दुसऱ्यावर बेचाळीस लिहिलेला जोड एकाच कोडला जोडलाय ना, हे प्रत्येक नंबरासाठी स्वतः बघा. हा घोळ ओळखायची खूण म्हणजे एका नंबराचे जोड फळीवर नोंदीपेक्षा कमी निघतात आणि त्याच वेळी दुसऱ्याचे जास्त.

वर्षाअखेरची मोजणी आम्ही सोडली. अण्णा रोज दुकान उघडण्याआधी एक फळी मोजतात आणि फरक निघाला तर त्याच फळीची आवक-जावक मागे वाचत जातात. बहुतेक वेळा गडबड 'तपासणी'त सापडते. ते खातं पुढे सुरू झालं, पण पूर्वीचं रेटिंग परत मिळवायला पुढची दिवाळी उजाडावी लागली. सॉफ्टवेअरचे वर्षभराचे पैसे आम्ही आगाऊ भरले होते. ते अजून परत आलेले नाहीत.