सपोझिटरी की मलम: काउंटरवरचा माझा अनुभव

सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून एक गोष्ट कळली आहे. मूळव्याधीचं औषध मागणारा माणूस आधी दुकान रिकामं व्हायची वाट बघतो आणि मग हळूच म्हणतो, "खालून घालायची गोळी द्या." कुठे दुखतंय, रक्त पडतं का, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं. मी मात्र आता विचारल्याशिवाय देत नाही.

परवा तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका अर्धवट वापरलेलं पाकीट परत घेऊन आले. "गोळी आत राहतच नाही, पाच मिनिटांत बाहेर येते. आणि आग तर तशीच आहे." पाकीट हातात घेतलं तर पाकिटातल्या गोळ्या वाकड्यातिकड्या झालेल्या, एकीचं टोकच चपटं. एप्रिलची दुपार, आणि काकांनी पाकीट गाडीच्या डिकीत ठेवलं होतं.

ही खालून घालायची गोळी म्हणजेच सपोझिटरी. बहुतेक सपोझिटरी वनस्पती तुपासारख्या चरबीत बनवलेल्या असतात. ती शरीराच्या उष्णतेला, म्हणजे साधारण ३४ ते ३७ अंशांना वितळावी, अशीच तिची रचना असते. आपल्याकडचा उन्हाळा ते काम डिकीतच उरकून टाकतो. वितळून पुन्हा थिजलेल्या गोळीत औषध एका बाजूला बसतं, त्यामुळे ती टाकून द्यायची. नुसती मऊ पडली असेल तर न फोडता पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये किंवा गार पाण्यात ठेवली की पुन्हा घट्ट होते. फ्रीझरमध्ये मात्र नको.

गोळी बाहेर येण्याचं खरं कारण मात्र दुसरंच होतं. काका ती गुदद्वाराच्या तोंडाशीच ठेवत होते. तिथे आवळणारा स्नायू असतो. गोळी त्याच्या पकडीत राहिली की तो तिला बाहेर ढकलतो. ती स्नायूच्या पलीकडे गेली पाहिजे, म्हणजे मोठ्या माणसात साधारण एक इंच आत. तर्जनीचं पहिलं पेर आत गेलं की तेवढं अंतर होतं. त्याहून खूप वर ढकलायची गरज नाही, मूळव्याधीचे कोंब खालीच असतात.

काकांना मी क्रम सांगितला. शौचाला जाऊन आल्यावर, शक्यतो झोपताना घ्यायची. आधी घेतली तर संडासबरोबर पडून जाते. हात धुवायचे, नखं कापलेली हवीत. वेष्टन पूर्ण काढायचं (हसू नका, फॉइलसकट घालणारे आणि पाण्याबरोबर गिळणारेही भेटलेत). गोळी साध्या पाण्यात बुडवून घ्यायची. डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा. थोडं कुंथल्यासारखं केलं की स्नायू सैल होतो, त्याच वेळी टोकदार बाजूने हळू आत सारायची. मग पाय जुळवून दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. नंतर थोडं तेलकट बाहेर येतं, ते औषध वाया गेलं असं समजू नका. जुनी चड्डी घाला.

राहिली आग. काकांना बोट कुठे ठेवता येतं विचारलं, तर म्हणाले, बाहेरच मोड लागतो आणि तिथेच खाजतं. मग गोळी आत वितळून तिथे काय करणार? आतले कोंब सहसा दुखत नाहीत. शौचानंतर लालभडक रक्त पडतं, दुखणं नसतं. सपोझिटरीचा उपयोग तिथे. बाहेरच्या कातडीला संवेदना भरपूर, म्हणून आग, खाज, सूज बाहेर असेल तर मलम. वाटाण्याएवढं पुरे, धुऊन टिपून कोरडं केलेल्या जागी, सकाळी, रात्री आणि शौचानंतर. आत-बाहेर दोन्ही त्रास असेल तर ट्यूबबरोबर नळी येते. नळीच्या टोकाला बाहेरून थोडं मलम लावायचं, हळू आत सारायची, आणि ट्यूब दाबत दाबत बाहेर काढायची. वापरल्यावर कोमट पाण्याने धुवायची.

स्टिरॉइड असलेलं मलम किंवा गोळी सात दिवसांपलीकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कातडी पातळ होते आणि खाज उलट वाढते. तसंच बधिर करणाऱ्या औषधाची काहींना ॲलर्जी येते. लावल्यावर जास्तच आग झाली तर थांबायचं.

शौच करताना काच फिरवल्यासारखं दुखत असेल तर बहुधा चीर पडलेली असते, मूळव्याध नव्हे. तिथे गोळी आत ढकलणं म्हणजे जखमेवरून काठी ओढणं. त्यांना मी आधी डॉक्टरांकडेच पाठवतो.

काकांना मलमाची ट्यूब दिली, आणि शौच घट्ट होत असल्याने इसबगोल दोन चमचे रात्री मोठा ग्लासभर पाण्यातून. आठ दिवसांनी आले. आग गेली होती, पण रक्त अजून पडत होतं. "अजून एक पाकीट द्या," म्हणाले. वय पंचावन्न, रक्त तीन महिन्यांपासून. पाकीट दिलं नाही, सर्जनना दाखवून घ्या म्हणालो.