दूध, दही की पनीर? वजन कमी करताना मी लावलेला हिशोब

दुधाने वजन वाढतं, असं सांगणारे जितके भेटतात तितकेच दुधाने वजन उतरतं असंही सांगणारे भेटतात. ज्या चाचण्यांमध्ये एकूण कॅलरींवर मर्यादा होती, त्यांत दुधाचे पदार्थ खाणाऱ्यांचं वजन थोडं जास्त घटलेलं दिसलं. जिथे मर्यादाच नव्हती तिथे काही फरक पडला नाही. म्हणून मी १४०० कॅलरींचा आहार ठरवताना दूध सोडलं नाही, ते मोजायला लागले.

सुरुवात पिशवीपासून केली. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के असतं आणि १०० मिलिलिटरला साधारण ६० कॅलरी पडतात. फुल क्रीममध्ये फॅट ६ टक्के, कॅलरी ९० च्या आसपास. डबल टोन्डमध्ये फॅट दीड टक्का, कॅलरी ४५ ते ५०. प्रथिनं मात्र तिन्हींत जवळपास तेवढीच, म्हणजे १०० मिलिलिटरला तीन-सव्वातीन ग्रॅम. गवळ्याकडचं म्हशीचं दूध तापवून साय काढली की ते टोन्डसारखं झालं, असं धरू नका. वर आली तेवढीच साय निघते, बाकीचं फॅट दुधातच राहतं आणि किती राहिलं ते घरी कळत नाही. हिशोब ठेवायचा असेल तर पिशवीचं दूधच सोयीचं.

मग तिन्ही पदार्थ १५० कॅलरींच्या मापाने समोर ठेवले: टोन्ड दूध २५० मिलिलिटर, त्याचंच घरी लावलेलं दही २५० ग्रॅम, आणि बाजारचं पनीर फक्त ५० ग्रॅम. प्रथिनं बघा: दुधात आणि दह्यात साडेसात-आठ ग्रॅम, पनीरमध्ये नऊ. पनीर म्हणजे प्रथिनांचा डोंगर हा समज इथेच गळून पडतो, कारण त्याच्या निम्म्याहून जास्त कॅलरी फॅटमधून येतात. कॅलरीच्या मानाने प्रथिनं जास्त हवी असतील तर डबल टोन्ड दुधाचं दही पनीरलाही मागे टाकतं.

दूध फाडलं की दुधातली बरीचशी साखर निवळीबरोबर निघून जाते. फॅट आणि बहुतेक प्रथिनं गोळ्यात राहतात. म्हणून एक लिटर टोन्ड दुधाच्या सहाशे कॅलरींपैकी साडेतीनशेच्या आसपासच पनीरमध्ये उतरतात. पनीर साधारण दीडशे ग्रॅम निघतं, दाबून किती पाणी काढलं त्यावर थोडं कमीजास्त. बाजारचं पनीर बहुधा जास्त फॅटच्या दुधाचं असतं, त्यामुळे १०० ग्रॅमला तीनशेच्या घरात जातं. घरचं अडीचशेच्या आत बसतं.

गडबड होते ती अंदाजाने. २०० ग्रॅमच्या पाकिटाचे चार सारखे भाग केले तर एक भाग ५० ग्रॅम. ताटात तो इतका केविलवाणा दिसतो की हात आपोआप दुसऱ्या भागाकडे जातो. मी त्याची भुर्जी करते: एक चमचा तेल, भरपूर कांदा, टोमॅटो, सिमला मिरची, आणि पनीर शेवटी कुस्करून. तेलाचा चमचा पाच मिलिलिटरचाच, त्याच्या ४५ कॅलरी वेगळ्या धरायच्या. पनीर तळून रश्श्यात टाकलं की हिशोब संपला. किती तेल शोषलं गेलं ते मोजता येत नाही.

दह्याचा खरा उपयोग ताकात. शंभर ग्रॅम दही, दीड-दोनशे मिलिलिटर पाणी, जिरेपूड, आलं, किंचित मीठ: साठ कॅलरींत मोठा पेला भरतो आणि जेवण सावकाश होतं. त्याच दह्याचा चक्का बांधून श्रीखंड केलं की साखरेमुळे चित्र पार पालटतं. फळांच्या चवीच्या तयार दह्याचंही तेच, म्हणून पाकिटावर ‘अ‍ॅडेड शुगर’चा आकडा आधी वाचा.

एका दिवसाची मांडणी अशी. दोन वेळच्या चहात मिळून १२० मिलिलिटर टोन्ड दूध, ७० कॅलरी. दुपारी दोनशे ग्रॅम दही, अर्धं ताकात आणि अर्धं कोशिंबिरीत, १२० कॅलरी. रात्री ५० ग्रॅम पनीर, १५० कॅलरी. एकूण ३४० कॅलरी आणि साधारण १९ ग्रॅम प्रथिनं. बाकीच्या १०६० कॅलरी भाकरी, डाळ, उसळ, भाजी, फळं आणि तेलाला उरतात. चहात प्रत्येकी दोन चमचे साखर घातली तर तिच्याच ८० कॅलरी होतात, म्हणजे त्यातल्या दुधापेक्षा जास्त. दोष मात्र दुधावर येतो.

रात्री झोपताना पेलाभर फुल क्रीम दूध साखर घालून घेण्याची सवय असेल तर ते आधी बदला. २५० मिलिलिटर दूध आणि दोन चमचे साखर मिळून २६० ते २७० कॅलरी होतात, आणि त्या बहुधा जेवणाच्या वर जातात, जेवणाऐवजी नाही. रात्रीचं दूध हवंच असेल तर तेवढंच डबल टोन्ड, बिनसाखरेचं, हळद घालून घ्या. सव्वाशेच्या आत बसतं. त्या दिवशी रात्रीच्या जेवणातलं पनीर गाळायचं.