पडद्याचे कुलूप शाबूत, सिम मात्र मोकळे

आमच्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागात मी कर्मचाऱ्यांसाठी फोन आणि पासवर्डच्या सुरक्षिततेवर छोटे उभे व्हिडिओ तयार करते. प्रत्येक व्हिडिओ एका मिनिटाच्या आत संपतो आणि त्यात एकच सवय शिकवायची, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला आहे, कारण दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत किंवा लोकलमध्ये उभ्याने व्हिडिओ पाहणारा माणूस एका वेळी एकच गोष्ट करून पाहतो. दोन सांगितल्या तर बहुधा एकही करत नाही. सिमला स्वतःचे कुलूप लावणाऱ्या सिम पिनवरचा व्हिडिओ ज्या दिवशी तयार झाला, तो दिवस मात्र नेहमीसारखा नव्हता.

सकाळी कार्यालयात आल्या आल्या लेखा विभागातले दोघे माझ्या टेबलाशी येऊन थांबले. त्यांच्या विभागातील एका ज्येष्ठ ताईंच्या व्हॉट्सॲपवरून रात्री उशिरा अनेकांना संदेश गेले होते: "रुग्णालयात आहे, तातडीने पैसे हवेत, माझे यूपीआय चालत नाही, या नंबरवर पाठवा." एका नव्या मुलाने आठ हजार रुपये पाठवलेही होते. ताई स्वतः तेवढ्यात पोहोचल्या आणि त्यांनी सांगितले, की आदल्या संध्याकाळी ठाण्याला उतरताना गर्दीत त्यांचा फोन गेला होता. त्या फारशा घाबरलेल्या नव्हत्या. फोनला सहा अंकी पिन होता, बोटाचा ठसा होता, पडदा तीस सेकंदांत बंद होत होता. आमचा पडद्याच्या कुलुपाचा व्हिडिओ पाहून त्यांनी सगळे नीट केले होते. त्यामुळे "फोन उघडणारच नाही, सिम उद्या बंद करू" असा त्यांचा हिशेब होता.

त्यांचा फोन खरोखरच उघडला गेला नव्हता आणि उघडण्याची गरजही पडली नव्हती. चोराने सुईने ट्रे बाहेर काढला, सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घातले आणि त्यात व्हॉट्सॲप उतरवून ताईंचा नंबर टाकला. नंबर त्याला कोणी सांगावा लागत नाही. त्या सिमवरून स्वतःच्या दुसऱ्या फोनवर मिस्ड कॉल दिला की तो पडद्यावर दिसतो. सहा अंकी कोड एसएमएसने त्याच सिमवर आला आणि खाते त्याच्या हातात गेले. जुने संभाषण त्याला मिळाले नाही, परंतु ताई ज्या ज्या समूहांत होत्या ते समूह नव्या फोनवरही आले, आणि समूहात सर्व सदस्यांचे नंबर असतात. कार्यालयातल्या माणसांपर्यंत तो तिथूनच पोहोचला.

आम्ही सर्वांत आधी दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून सिम बंद करवले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सिम चालू असेपर्यंत आपण खाते परत मिळवले तरी चोर पुन्हा कोड मागवू शकतो. त्याच वेळी पैसे पाठवलेल्या मुलाने 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. ती जितकी लवकर होईल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडकवून ठेवण्याची शक्यता अधिक असते. मग ताईंनी बँकेला कळवले. यूपीआयचे ॲप सिमवरून एसएमएस पाठवून नंबर ओळखते, पण नवा यूपीआय पिन ठरवायला ते डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा अंक आणि मुदत, किंवा आधारचा तपशील मागते. ताईंचे कार्ड आणि आधार दोन्ही पर्समध्ये होते. ज्यांच्या फोनच्या कव्हरमध्येच ही कार्डे खोचलेली असतात, त्यांच्यावर अशा वेळी याहून मोठा प्रसंग येऊ शकतो.

दुपारी ताई पोलिसांत तक्रार देऊन आणि दुकानातून त्याच नंबरचे नवे सिम घेऊन आल्या. बदललेल्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक करणाऱ्याने आपल्या नावावर सिम बदलून घेतले तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून दूरसंचार विभागाने ही अट घातली आहे. म्हणून व्हॉट्सॲपचा कोड आम्ही एसएमएसऐवजी कॉलने मागवला. तो कोड टाकताच चोर त्या खात्यातून बाहेर फेकला गेला, परंतु पडद्यावर आणखी एक सहा अंकी पिन मागितला गेला. हा दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन ताईंनी कधीच ठेवला नव्हता. खाते ताब्यात आल्यावर चोराने तो स्वतः ठेवला होता. अशा वेळी तो पिन न टाकता खात्यात शिरण्यासाठी सात दिवस थांबावे लागते. त्या सात दिवसांत खाते चोराकडे नव्हते आणि ताईंकडेही नव्हते.

संध्याकाळच्या बैठकीत व्हिडिओ कोणत्या सवयीवर करायचा यावर आमच्यात मतभेद झाले. तंत्रविभागातील सहकाऱ्याचे म्हणणे होते, की व्हॉट्सॲपचा दोन टप्प्यांचा पिन दाखवावा, कारण घटना व्हॉट्सॲपची आहे. मला ते पुरेसे वाटले नाही. व्हॉट्सॲप वाचले असते, तरी ईमेलच्या "पासवर्ड विसरलात?" या दुव्यावरचा कोड त्याच सिमवर आला असता, आणि मग पासवर्ड कितीही लांब आणि अवघड असता तरी तो विचारलाच गेला नसता. ओटीपी ज्या दाराने येतात ते दार सिमचे आहे. म्हणून आधी सिमला कुलूप, असे ठरले.

मी एका जुन्या सिमला पिन लावून दाखवला. सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातल्याबरोबर त्याने सिम पिन मागितला. तो न दिल्यास नेटवर्कच्या पट्ट्या येत नव्हत्या आणि खाली फक्त आपत्कालीन कॉलचे बटण उरले होते. एसएमएस नाही, कॉल नाही, मिस्ड कॉल देऊन नंबर काढणेही नाही. मग त्याच सिमचा पिन काढून टाकून ते पुन्हा घातले, तर ते काही क्षणांत चालू झाले. व्हिडिओची सुरुवात आम्ही याच दृश्याने केली: पडदा बंद असलेला फोन, सुई, ट्रे आणि दुसऱ्या हँडसेटवर येणारा ओटीपी. लेखा विभागातील मंडळींना चित्रीकरणाच्या वेळीच ते दाखवले, तेव्हा पडद्याचे कुलूप सिमला लागू होत नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

अडचण कृती शिकवताना आली. सेटिंग्जमधल्या शोधाच्या जागेत SIM असे टाइप केले की बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सिम लॉकचा पर्याय सापडतो. आयफोनमध्ये तो मोबाइल डेटाच्या पानावर असतो. पर्याय चालू करताच फोन पिन विचारतो, आणि इथेच जवळजवळ प्रत्येकजण चुकतो. गोदामातील एका सहकाऱ्यांना आम्ही चाचणीसाठी काहीही न सांगता करायला दिले, तर त्यांनी मनातला नवा पिन म्हणून जन्मवर्ष टाकले. पडद्यावर उरलेल्या प्रयत्नांची संख्या आली: दोन. त्यांनी तेच पुन्हा टाकायला बोट उचलले तेव्हा मी त्यांना थांबवले.

या पहिल्या वेळी विचारलेला पिन आपण ठरवलेला नसतो. तो मोबाइल कंपनीने सिममध्ये आधीच घातलेला असतो. तो सिमसोबत आलेल्या कागदावर छापलेला असतो किंवा ग्राहक सेवेकडून कळतो. तीन वेळा चुकले की सिम अडकते आणि आठ अंकी पीयूके क्रमांक मागते. तो कंपनीकडून मिळतो, पण तोही दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचे निकामी होते आणि नवे घ्यावे लागते. म्हणून आमच्या व्हिडिओतले सर्वांत ठळक वाक्य सिम लॉक कसे चालू करावे हे नव्हते, तर "अंदाजाने पिन टाकू नका, आधी कंपनीला विचारा" हे होते. सहकाऱ्याला वाटत होते की एवढ्याने व्हिडिओ रेंगाळेल. मला मात्र वाटते, की कामावरच्या माणसाचा फोन आपल्या व्हिडिओमुळे दुपारभर बंद पडला, तर तो आपला पुढचा एकही व्हिडिओ पाहणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

कंपनीचा पिन टाकून कुलूप लागल्यावर तो लगेच बदलायचा, कारण एकाच कंपनीच्या असंख्य सिमना सारखाच साधा पिन असू शकतो आणि चोर सर्वांत आधी तोच टाकून पाहील. बदललेला पिन घरी वहीत लिहून ठेवायचा. फोनमध्ये किंवा कव्हरखाली नव्हे. शेवटी फोन रीस्टार्ट करून पाहायचा: सिमचा पिन मागितला गेला तर काम झाले. दोन सिम असतील तर प्रत्येकाला वेगळा पिन लावावा लागतो, आणि बँकेशी जोडलेल्या नंबरापासून सुरुवात करावी.

चाचणीतूनच आणखी एक गोष्ट पुढे आली, जी मला अगोदर सुचली नसती. आई आजारी असलेल्या एका सहकाऱ्याने विचारले, की रात्री अपडेट होऊन फोन आपोआप रीस्टार्ट झाला तर काय? सिमचा पिन टाकेपर्यंत नेटवर्क येत नाही, म्हणजे घरून आलेला कॉल लागणार नाही. त्याची शंका अगदी बरोबर होती. अशांनी अपडेट दिवसा, स्वतः बसून करावी, एवढी ओळ आम्ही शेवटी जोडली.

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी पाठवला तेव्हा ताईंनीच पुढचा प्रश्न विचारला: चोराने सिम काढलेच नाही, फोन चालूच ठेवला, तर? मला सांगावे लागले, की सिमचा पिन फोन बंद होऊन चालू झाल्यावर किंवा सिम हलवल्यावरच विचारला जातो. चालू फोनवर आलेला ओटीपी, सूचनेचा मजकूर बंद केलेला नसेल, तर कुलूप न उघडता वाचता येतो, आणि कोड सांगणारा कॉलही कुलूप न उघडता उचलता येतो. त्यातला कॉलचा भाग सेटिंगने सुटत नाही; त्यासाठी फोन गेल्याबरोबर, घरी पोहोचण्याचीही वाट न पाहता, शेजाऱ्याचा फोन मागून सिम बंद करणे हाच उपाय आहे. सूचनेचा मजकूर पडद्यावरून लपवण्याची सवय आम्ही त्याच आठवड्यात वेगळ्या व्हिडिओत घेतली, आणि त्यात संदेश येताना दिसणारा हात ताईंचा आहे.